क्रॉनटॅब स्वतः वाचायची सवय: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी एक जुना डेबियन सर्व्हर माझ्याकडे आला. आधी सांभाळणारे सोडून गेले होते आणि कुठला जॉब कधी चालतो याची लेखी नोंद नव्हती. हाताशी होती ती फक्त क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉन हा प्रोग्राम कुठली कमांड कधी आपोआप चालवेल याची यादी. तेव्हाच ठरवलं की एकेक ओळ स्वतः वाचायची, ती कधी चालेल ते कागदावर लिहायचं आणि मग लॉगशी ताडून बघायचं. एवढ्या महिन्यांनंतर सांगतो, बहुतेक ओळी पहिल्याच आठवड्यात नीट वाचता येऊ लागल्या. पण तारीख आणि वार या दोन रकान्यांनी मला खरं शिकवलं, म्हणून मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहितोय.

रकाने पाच असतात: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. त्यापुढे कमांड. वारात 0 आणि 7 दोन्ही म्हणजे रविवार, 1 म्हणजे सोमवार. आता ही ओळ बघा:

```
0 2 1-7 * 1 /opt/jobs/masik.sh
```

ज्याने लिहिली त्याचा हेतू स्पष्ट दिसतो. पहिला सोमवार 1 ते 7 याच तारखांत येतो, म्हणून तारखेत 1-7 आणि वारात 1. मीही ती तशीच वाचली आणि कागदावर लिहिलं, "महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पहाटे 2 वाजता". मग लॉग उघडला:

```
zgrep -h masik.sh /var/log/syslog*
```

जुने लॉग दाबून ठेवलेले असतात, म्हणून साधा `grep` नाही, `zgrep`. ऑक्टोबर 2025 मध्ये ही स्क्रिप्ट एकदा नाही, दहा वेळा चालली होती. 1 ऑक्टोबरला बुधवार होता. 1 ते 7 असे सलग सात दिवस ती चालली, आणि मग 13, 20 आणि 27 या सोमवारी पुन्हा. 6 तारखेचा सोमवार आधीच्या सातांतच आला, म्हणून एकूण दहा. महिन्यातून एकदाच जायला हवा असा अहवाल लोकांच्या मेलमध्ये दहादा जात होता. तक्रारही आली होती, पण ती मेल सर्व्हरचा दोष समजून बंद केली गेली.

कारण `man 5 crontab` मध्ये लिहिलेलं आहे, फक्त सहज नजरेत भरत नाही. मिनिट, तास आणि महिना जुळलेच पाहिजेत. पण तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरलेले असतील, तर त्यांतला कुठलाही एक जुळला तरी जॉब चालतो. दोघांत "आणि" नाही, "किंवा" आहे. एका रकान्यात स्टार असेल तर मात्र दुसऱ्याचंच चालतं, आणि नेहमी आपण तसंच लिहित असल्याने हा नियम कित्येक वर्षं समोर येत नाही.

याला आणखी एक पदर आहे. डेबियनच्या क्रॉनमध्ये रकाना स्टारने सुरू होतो की नाही, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे तारखेत `*/2` लिहिलं तर तो रकाना "स्टारवाला" धरला जातो, आणि "किंवा" जाऊन पुन्हा "आणि" येतं. `0 2 */2 * 1` ही ओळ ऑक्टोबर 2025 मध्ये फक्त 13 आणि 27 ला चालेल, म्हणजे विषम तारखेच्या सोमवारी. हेच तुम्ही `1-31/2` असं लिहिलंत, तर तारखा त्याच राहतात, पण जॉब सगळ्या विषम तारखांना आणि शिवाय सगळ्या सोमवारी चालतो. दिसायला एकच अर्थ, वागणूक अगदी वेगळी. म्हणून आता कुठलीही ओळ समोर आली की मी आधी तिसरा आणि पाचवा रकाना बघतो. दोन्हीकडे आकडे दिसले की तिथेच थांबतो आणि कॅलेंडर उघडतो.

दुरुस्ती अशी केली. वार क्रॉनच्या रकान्यातून काढला आणि कमांडमध्ये तपासला:

```
0 2 1-7 * * [ "$(date +\%u)" = 1 ] && /opt/jobs/masik.sh
```

इथे `%` च्या आधीची तिरकी रेघ विसरू नका. क्रॉनटॅबमध्ये मोकळं `%` म्हणजे ओळ तिथे संपली. त्यापुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून दिला जातो. पहिल्या प्रयत्नात मी ती रेघ घातली नव्हती. तीच ओळ टर्मिनलवर बिनचूक चालत होती, क्रॉनमध्ये मात्र शेलला अर्धवट अवतरण मिळत होतं. चूक मेलने कळायला हवी होती, पण सर्व्हरवर मेल पाठवणारं काहीच बसवलेलं नव्हतं. लॉगमध्ये फक्त `No MTA installed, discarding output` एवढंच दिसलं. ही ओळ दिसली तर समजा की जॉब काहीतरी बोलला आणि ते फेकून दिलं गेलं.

लॉगबद्दल एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. वेळेसमोर `CMD` दिसणं म्हणजे कमांड सुरू झाली, इतकंच. काम पूर्ण झालं का, हे तिथून कळत नाही. वरच्या दुरुस्तीनंतरही लॉगमध्ये 1 ते 7 रोज नोंद दिसतेच, कारण तपासणी रोज होते. स्क्रिप्ट पुढे गेली का हे बघायला मी स्क्रिप्टमध्येच तारीख लिहिणारी एक ओळ टाकली.

तिरप्या रेघेच्या अंतरांबद्दल थोडक्यात. मिनिटात `*/40` म्हणजे दर 40 मिनिटांनी नव्हे. दर तासाला 0 आणि 40 व्या मिनिटाला, म्हणजे अंतर एकदा 40, एकदा 20. साठला पूर्ण भाग न जाणारा आकडा दिसला की हेच होणार.

आणि `crontab -l` वर समाधान मानू नका. ते फक्त तुमच्या युजरच्या ओळी दाखवतं. बाकीच्या `sudo crontab -l -u` पुढे एकेक नाव देऊन बघाव्या लागतात, शिवाय `/etc/crontab` आणि `/etc/cron.d` वेगळे. या शेवटच्या दोन ठिकाणी कमांडच्या आधी युजरचं नाव असा सहावा रकाना असतो. तिथली ओळ कुणी जशीच्या तशी वैयक्तिक क्रॉनटॅबमध्ये डकवली, की शेल `root` नावाची कमांड शोधत बसतो. मला अशा दोन ओळी सापडल्या. वेळ बरोबर, नोंद बरोबर, काम शून्य. `/etc/cron.d` मध्ये फाइलच्या नावात टिंब असेल तर डेबियन ती फाइल वाचतच नाही, त्यामुळे `backup.old` मधल्या ओळी मी यादीतून काढून टाकल्या.

ही पद्धत वेळखाऊ आहे, हे खरं. पण ती मी सोडणार नाही, कारण ओळ वाचून आलेलं उत्तर आणि लॉगमधलं उत्तर शेजारी ठेवलं नसतं तर ते दहा अहवाल अजूनही जात असते. आता प्रत्येक ओळीच्या वर एक टिप्पणी लिहितो, आणि त्यात अर्थ न लिहिता पुढच्या तीन प्रत्यक्ष तारखा लिहितो. टिप्पणी वेगळ्याच ओळीवर हवी. `MAILTO=` च्या ओळीत शेवटी `#` लावून लिहिलीत, तर ती पत्त्याचाच भाग होते.