दोन ऑफर लेटरांचे फोटो समोर आहेत. डिपॉझिट कुठे भरायचं?

ब्रिटनमधल्या दोन विद्यापीठांकडून एकाच मुलीला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी ऑफर आल्या. तिने दोन्ही पत्रांचे मोबाइलवर फोटो काढून पाठवले आणि विचारलं, "एकाचं डिपॉझिट २,००० पौंड आहे, दुसऱ्याचं ८,२५०. पहिलंच घेऊ ना?" पहिल्या विद्यापीठाचा कोर्स तिला जास्त आवडला होता, त्यामुळे उत्तर तिच्या मनात तयारच होतं. पण डिपॉझिटचा आकडा किती मोठा आहे यावर हा निर्णय करू नये. प्रवेश फसला तर ते पैसे कुणाकडे राहतात, हे आधी बघायचं. फसण्याच्या वाटा तीन: अट पूर्ण झाली नाही, व्हिसा नाकारला, किंवा आपणच बेत बदलला. प्रत्येक पत्र या तीन वाटांवर वेगळं वागतं.

आधी दोन्ही पत्रं शेजारी ठेवू. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत, दोन्ही विद्यापीठं लंडनबाहेरची आहेत आणि वर्ग सप्टेंबरच्या मध्यात सुरू होतात.

| | पहिलं पत्र | दुसरं पत्र |
|---|---|---|
| फी | २२,००० पौंड | १९,५०० पौंड, त्यातून ३,००० स्कॉलरशिप |
| डिपॉझिट | २,००० पौंड | उरलेल्या फीच्या निम्मं, ८,२५० पौंड |
| डिपॉझिटची तारीख | 05/06/2026 | स्कॉलरशिपसाठी 05/06/2026. त्याशिवाय १० जुलै |
| पदवीचे गुण | ६० टक्के | ५५ टक्के |
| इंग्रजी | एकूण ६.५, कुठलाही भाग ६.० च्या खाली नको | एकूण ६.५, कुठलाही भाग ५.५ च्या खाली नको |
| पुरावे द्यायची तारीख | ३१ जुलै | २१ ऑगस्ट |
| अट हुकली तर | डिपॉझिट परत नाही | २०० पौंड कापून परत |
| व्हिसा नाकारला तर | परत | २०० पौंड कापून परत |
| स्वतः माघार घेतली तर | परत नाही | परत नाही |

टेबलच्या शेवटच्या तीन ओळी फोटोत नव्हत्या. दोन्ही पत्रांत डिपॉझिटच्या रकमेपुढे एक छोटी फुली होती आणि तळाशी निळ्या अक्षरांत, अधोरेखित, 'अटी व शर्ती लागू' अशा अर्थाची ओळ होती. मूळ पीडीएफमध्ये त्या ओळीवर बोट ठेवलं की परताव्याचे नियम उघडतात. फोटोत ती नुसती निळी अक्षरं असतात. म्हणून पत्राचा फोटो कितीही स्वच्छ असला तरी आधी पोर्टलवरून मूळ पीडीएफ उतरवून घ्यायला सांगावं. ते लगेच मिळत नसेल, तर फोटोच्या तळाशी पान क्रमांक बघावा. दुसऱ्या पत्राच्या पहिल्या फोटोत '३ पैकी १' असं होतं आणि फोटो दोनच आले होते. स्कॉलरशिपची वेगळी तारीख त्या न आलेल्या तिसऱ्या पानावर होती. ते पान मागवलं नसतं तर १० जुलै हीच एकमेव तारीख समजून ३,००० पौंड हातचे गेले असते.

तारखेचंही तसंच. ब्रिटिश पत्रात 05/06/2026 म्हणजे ५ जून. ६ मे नव्हे. फोटोत चकाकी आली असेल किंवा कागदाची घडी आकड्यावर पडली असेल तर अंदाज करू नका, तोच आकडा पोर्टलवर तपासा. आणि त्या तारखेला पैसे पाठवलेले चालतात की विद्यापीठाच्या खात्यात जमा झालेले हवेत, हेही वाचा. बहुतेक पत्रांत जमा झालेले हवे असतात. परदेशातून पाठवलेली रक्कम पोचायला काही दिवस लागू शकतात आणि वाटेतल्या बँका आपलं शुल्क कापून घेतात. २,००० पौंड पाठवले आणि १,९८० पोचले तर डिपॉझिट अपुरं धरलं जाऊ शकतं. पाठवताना सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय निवडावा, आणि किमान एक आठवडा हाताशी ठेवावा.

आता अटींकडे. या मुलीचं शेवटच्या सेमिस्टरपर्यंतचं सरासरी ६१ टक्के होतं आणि शेवटचा निकाल जुलैच्या अखेरीस अपेक्षित होता. इंग्रजीच्या आयईएल्टीएस परीक्षेत तिला ऐकण्यात ७, वाचनात ६.५, बोलण्यात ६.५ आणि लेखनात ५.५ होते. चारांची सरासरी ६.३७५ येते आणि ती जवळच्या अर्ध्या गुणावर नेली जाते, म्हणून एकूण ६.५. तिने गुणपत्रिकेवर ६.५ बघितलं आणि "इंग्रजी झालं" म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या पत्रासाठी ते खरंच झालं आहे. पहिल्यासाठी नाही, कारण तिथे लेखनात ६.० लागतात. ही ओळ पत्रात बहुतेक वेळा एकूण गुणांच्या वाक्याच्या शेपटीला असते आणि घाईत नेमकी तीच नजरेतून सुटते.

मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत फक्त एकच भाग पुन्हा देण्याची सोय आयईएल्टीएसमध्ये आहे. सगळीच विद्यापीठं असा निकाल मान्य करत नाहीत. काहींना चारही भाग एकाच बैठकीतले हवे असतात. म्हणून तारीख घेण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यायचं. फोनवरचं "चालेल" पुढे कामाला येत नाही.

म्हणजे पहिल्या पत्रात तिच्यापुढे दोन अनिश्चित गोष्टी आहेत: लेखनाचा अर्धा गुण आणि ६० टक्क्यांची रेषा. सरासरी ६१ असताना शेवटचं सेमिस्टर बरंच घसरलं तर ५९.५ होऊ शकतं. तसं झालं आणि विद्यापीठाने सूट दिली नाही, तर २,००० पौंड गेले. दुसऱ्या पत्रात ५५ ची रेषा तिच्यापासून बरीच खाली आहे, आणि तिथेही हुकलंच तर नुकसान २०० पौंडांचं. छोटं डिपॉझिट इथे जास्त धोक्याचं आहे.

मोठं डिपॉझिट म्हणजे जास्तीचा खर्च, ही समजूतही बाजूला ठेवायला हवी. डिपॉझिट हा फीचाच आगाऊ भरलेला भाग असतो. अटी पूर्ण झाल्या आणि डिपॉझिट जमा झालं की विद्यापीठ व्हिसासाठी पुष्टिपत्र देतं, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात. भरलेली फी त्यावर नोंदवली जाते आणि तेवढी रक्कम बँकेत दाखवावी लागत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च दाखवायचा असतो. लंडनबाहेर तो महिना १,१७१ पौंड धरला जातो, म्हणजे ९ महिन्यांचे १०,५३९. पहिल्या पत्रावर गेलं तर उरलेली फी २०,००० अधिक १०,५३९, म्हणजे ३०,५३९ पौंड खात्यात हवेत. दुसऱ्यावर उरलेली फी ८,२५० अधिक १०,५३९, म्हणजे १८,७८९. स्कॉलरशिप आणि कमी फीमुळे दुसऱ्याचा एकूण भारही कमी आहे, पण तो भाग सोडला तरी जूनमध्ये भरलेले पैसे ऑगस्टमधला डोंगर छोटा करतात.

ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, एक दिवसही त्याखाली न जाता, आणि त्या २८ दिवसांचा शेवट व्हिसा अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत पडला पाहिजे. ३१ जुलैला निकाल, मग कॅस यायला आठवडा-दोन आठवडे, मग देशाबाहेरून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत. सप्टेंबरच्या मध्याशी हे गणित घट्टच बसतं. पैसे निकालानंतर जमवायला सुरुवात केली तर उशीर झालाच म्हणून समजा. ते जुलैच्या मध्यापासून खात्यात पडलेले हवेत. पहिल्या पत्रातली ३१ जुलै इथे आणखी जाचक होते: निकाल दोन-चार दिवस लांबला तर पुराव्याची तारीखच उलटते. मुदतवाढ मागता येते, पण ती निकालाआधी मागायची, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं 'निकाल अमुक तारखेला' असं पत्र जोडून.

दुसऱ्या पत्राचा खरा धोका तिसऱ्या वाटेवर आहे. ८,२५० भरले आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच विद्यापीठाकडे मन वळलं, तर ते परत येत नाहीत. अनेक ब्रिटिश विद्यापीठांच्या अटींत स्वीकृतीनंतर १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क असतो. तो आहे का आणि दिवस कधीपासून मोजायचे, हे परताव्याच्या नियमांत बघून कॅलेंडरवर लिहून ठेवावं. व्हिसा नाकारल्यावरच्या परताव्यालाही सहसा शेपूट असतं: नकाराचं पत्र ठरावीक मुदतीत पाठवायला लागतं, खोट्या कागदांमुळे नकार आला असेल तर परतावा नाही, आणि पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातात. काकांच्या खात्यातून भरले असतील तर परत काकांकडेच जाणार, हे घरात आधीच बोलून घ्यावं.

तिला मी दुसरं पत्र सुचवलं, पण एक अट घालून: पुढच्या दहा दिवसांत पहिल्या विद्यापीठाला दोन प्रश्न लिहून पाठवायचे. लेखनाचा एकच भाग पुन्हा दिलेला चालेल का? आणि गुण ६० च्या किंचित खाली आले तर डिपॉझिट परत किंवा पुढच्या प्रवेशासाठी राखून मिळेल का? दोन्हींना लेखी 'हो' आलं आणि लेखनात ६.० मिळाले, तर आवडत्या कोर्ससाठी २,००० पौंड भरणं समजण्यासारखं आहे. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर ५ जूनच्या आत ८,२५० दुसरीकडे. नुसतं 'स्वीकारलं' असं पोर्टलवर नोंदवायला पैसे लागत नसतील तर तोवर दोन्ही ऑफर स्वीकारून ठेवता येतात.

पैसे भरताना बँकेचा तपशील मात्र फोटोतून किंवा कुणी पुढे पाठवलेल्या पत्रातून घेऊ नका. फोटोत खाते क्रमांक बदलणं सोपं असतं आणि बदललेला आकडा डोळ्यांना ओळखू येत नाही. स्वतःच्या लॉगिनने पोर्टलमध्ये जाऊन तिथूनच भरा, आणि संदर्भाच्या रकान्यात आपला अर्ज क्रमांक जसाच्या तसा लिहा. तो चुकला तर पैसे पोचूनही तुमच्या नावावर लागायला आठवडे जातात. आणि सल्ल्यासाठी फोटो कुणाला पाठवायचा असेल, तर अर्ज क्रमांक, जन्मतारीख आणि पासपोर्टचा आकडा झाकून पाठवा. अटी समजून घ्यायला त्यांची गरज पडत नाही.