बिडाचा तवा, हाफ फ्रायसाठी: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

बेळगावात बीड म्हणजे घरचाच माल. उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे बिडाचा तवा घेताना इथं कुणी फार विचार करत नाही. माझा तवा दहा इंची, सपाट बुडाचा, दोन बोटं उंच कडेचा आणि उचलताना मनगट दुखेल असा जड आहे. भाकरीला घरात जुना लोखंडी तवा आहेच. हा मी घेतला तो अंड्यासाठी, म्हणून इथंही अंड्याबद्दलच लिहिते.

आमच्याकडे हाफ फ्राय कसा लागतो ते आधी सांगते. कड तपकिरी आणि जाळीदार, दाताखाली कुरकुरणारी. पांढरा पूर्ण शिजलेला, बलकाभोवती लिबलिबीत काही नको. आणि बलक मात्र भाकरीच्या तुकड्यानं टिपता येईल इतका पातळ. ऐकायला साधं वाटतं, पण यात एक मेख आहे. बलक ६५ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो आणि सत्तरीच्या पुढे बसतोच. पांढरा ६०-६२ला दुधी व्हायला लागतो खरा, पण त्यातलं मुख्य प्रथिन पक्कं व्हायला ८० अंश लागतात. म्हणजे ज्याला शिजवायचं त्याला उष्णता जास्त हवी आणि ज्याला पातळ ठेवायचं ते आधी घट्ट होतं. सगळं अंडं सावकाश, एकसारखं तापवलं तर बलक बसेल आणि पांढरा थरथरत राहील. ‘बारीक गॅसवर निवांत करा’ हा सल्ला ऑम्लेटला ठीक आहे, हाफ फ्रायला अजिबात नाही. इथं खालून जोरात उष्णता द्यायची आणि ती बलकापर्यंत पोचायच्या आत आवरतं घ्यायचं. सगळा खेळ वेळेचा आहे.

कड तपकिरी का होते, हेही त्याच हिशोबात बसतं. पांढऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. पाणी आहे तोवर तो भाग उकळबिंदूच्या वर जात नाही, आणि बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. मधला जाड थर त्यामुळे पांढराच राहतो. कडेला मात्र थर कागदासारखा पातळ आणि भोवती तापलेलं तेल. तिथलं पाणी तडतडत वाफ होऊन जातं, त्या वाफेनंच बुडबुडे फुटून जाळी पडते. पाणी संपलं की कडेचं तापमान झपाट्यानं चढतं आणि १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर यांची प्रक्रिया जोरात होऊन तांबूस रंग आणि खमंग वास येतो. अंड्यात साखर कुठली, असं वाटेल. पांढऱ्यात ग्लुकोज असतं, जेमतेम अर्धा टक्का, पण तेवढं पुरतं. अंड्याची पावडर करणारे ते ग्लुकोज आधी काढून टाकतात, नाहीतर पावडर ठेवल्या ठेवल्या तपकिरी पडते.

अंडं जसं शिळं होतं तसा कवचातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पांढरा जास्त अल्कधर्मी होतो. त्यानं रंग लवकर येतो. शिवाय शिळ्या अंड्यातला पांढरा पातळ होऊन लांब पसरतो, म्हणजे जाळी रुंद. शनिवारच्या बाजारातून आणलेलं ताजं गावठी अंडं तव्यावर टेकडीसारखं उभं राहतं, कड अरुंद येते आणि बलकाभोवतीचा घट्ट पांढरा शिजायला वेळ लागतो. चवीला तेच बरं, पण जाळीसाठी मी चार-सहा दिवसांचं अंडं घेते.

आता तव्याकडे. बिडातून उष्णता अॅल्युमिनियमपेक्षा बरीच सावकाश पसरते, पण एकदा भरली की ती धरून ठेवते. मोठ्या गॅसवर घाईनं तापवला तर बर्नरच्या वर्तुळावर तवा भडकलेला आणि मध्ये व कडेला थंड, असा प्रकार होतो. अंड्यावर चक्क गोल डाग उठतो. म्हणून गॅस मध्यमपेक्षा थोडा कमी ठेवून पाच मिनिटं, मध्ये एकदा तवा फिरवून. मग पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब नुसता बसून हळूहळू आटला तर तवा थंड आहे. चर्र करून दोन-तीन सेकंदांत गेला तर बरोबर. मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला तर तवा २०० अंशांच्या आसपास किंवा वर गेलाय, गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं. तेल थेंब आटल्यावरच घालायचं. मी रिफाइंड शेंगतेल मोठा चमचाभर घेते. लोणी घातलं तर त्यातला दुधाचा अंश आधी करपतो आणि तो रंग अंड्याचा वाटतो.

अंडं वाटीत फोडून तव्याच्या जवळून सोडायचं. पहिली अर्धी-पाऊण मिनिट गॅस तसाच, हात लावायचा नाही. सुरुवातीला पांढरा धातूला चिकटतो, खालचा थर कोरडा होऊन कडक झाला की आपोआप सुटतो. कडेला सोनेरी रेघ दिसली की गॅस अगदी बारीक, कारण बीड पुढचं मिनिटभर साठवलेल्या उष्णतेवरच काम करतं. तपकिरी झाल्यावर गॅस कमी केला तर कड काळी आणि कडू होते. मग तवा कलता करून जमलेलं गरम तेल चमच्यानं बलकाभोवतीच्या कच्च्या पांढऱ्यावर तीन-चारदा सोडायचं, बलकावर नाही. एकूण दोन मिनिटांत काम संपतं. झाकण ठेवलं तरी वरचा भाग शिजतो, पण वाफेनं कड मऊ पडते आणि बलकावर दुधी पडदा येतो. शेजारच्या आक्का डोकावून म्हणाल्या, “तेल कशाला गं एवढं?” खाल्ल्यावर त्यांनी दुसरं मागितलं. सासूबाईंना मात्र मी उलटून, बलक पूर्ण बसवूनच देते. कच्च्या बलकातून साल्मोनेलाचा धोका असतो, म्हणून लहान मुलं, गरोदर बाई आणि वयस्कर माणसांना हा प्रकार नको.

तक्रारी आहेत. दांडी तव्याबरोबरच ओतलेली, त्यामुळे फडक्याशिवाय धरता येत नाही. आमच्या पावसात रात्री ओला राहिला तर सकाळी तांबेरा हजर. धुऊन गॅसवर कोरडा करून तेलाचा हात फिरवावाच लागतो. सुरुवातीचे काही आठवडे अंडी चिकटली, तेलाचा थर बसल्यावर थांबली. नॉनस्टिकवर चिकटत नाही हे खरं, पण तो रिकामा तापवायचा नसतो. २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो आणि पातळ नॉनस्टिक मोठ्या गॅसवर तिथवर लवकर पोचतो. वर तो पातळ असल्यानं थंड अंडं पडताच गार होतो आणि कड फिकी राहते. फ्रिजमधून काढलेलं अंडं माझ्या बिडाला फारसं जाणवत नाही.

चार जणांसाठी एकामागून एक करायची असतील तर एक लक्षात ठेवा. दुसऱ्या अंड्यापर्यंत तवा पहिल्यापेक्षा जास्त तापलेला असतो. त्यामुळे गॅस पुन्हा मध्यमवर नेऊ नका, बारीकच्या किंचित वर ठेवा, थेंब परत टाकून बघा आणि थोडं तेल वाढवा.