साल्हेरला किती तास लागतील? नाइस्मिथचा नियम की जर्मन पद्धत

नागपूरहून रात्रीच्या गाडीने मनमाड, तिथून सटाण्यामार्गे साल्हेरचा पायथा. हे सगळं आटोपेपर्यंत अकरा वाजतात. तेव्हा त्याच दिवशी गड चढायचा की पायथ्याला मुक्काम करून सकाळी निघायचं, हा खरा प्रश्न असतो. उत्तर तुम्ही वेळेचा अंदाज कुठल्या हिशोबाने काढता यावर ठरतं.

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी 1892 साली दिलेला हिशोब सोपा आहे: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. उतरण्यासाठी वेगळं काही धरायचं नाही. जर्मन मानकातली पद्धत (डीआयएन 33466) जरा खटपटीची आहे. तिच्यात अंतराचा वेळ ताशी 4 किलोमीटरने काढायचा, चढाईचा ताशी 300 मीटरने आणि उताराचा ताशी 500 मीटरने. मग अंतराचा आणि उंचीचा असे जे दोन आकडे येतात, त्यातला मोठा पूर्ण घ्यायचा आणि लहान निम्मा मिळवायचा.

साल्हेर 1567 मीटर उंच. समजा तुमच्या वाटेवर नकाशावरून एका बाजूचं अंतर 5 किलोमीटर आणि चढाई 800 मीटर निघाली.

| | नाइस्मिथ | जर्मन पद्धत |
|---|---|---|
| चढताना | 2 तास 20 मिनिटं | सुमारे 3 तास 20 मिनिटं |
| उतरताना | 1 तास | सुमारे 2 तास 15 मिनिटं |

जास्त फरक उतरताना पडतो. सुटी माती, कातळात कोरलेल्या उंच पायऱ्या आणि थकलेले गुडघे असताना 800 मीटर तासाभरात उतरणारे लोक फार थोडे. सह्याद्रीतल्या गडांना नाइस्मिथचा हिशोब इथेच तोकडा पडतो. वाट लांब आणि चढ मंद असेल तर मात्र दोन्ही आकडे बरेच जवळ येतात: 10 किलोमीटर आणि 200 मीटर चढाईला 2 तास 20 मिनिटं विरुद्ध 2 तास 50 मिनिटं.

दोन्हींत विश्रांती धरलेली नाही. चालण्याच्या दर तासाला 10 मिनिटं धरा, आणि ती मिनिटं शेवटचा माणूस येऊन बसल्यावर मोजायला लागा. नाहीतर पुढचे दम खाऊन तयार असतात, मागचा पोहोचला की लगेच उठतात, आणि ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. तासाभराने तोच माणूस सगळ्यांचा वेग ठरवतो.

आता अकराला निघून बघू. नाइस्मिथप्रमाणे, विश्रांती न धरता, चढ-उतार 3 तास 20 मिनिटं, परशुराम मंदिर आणि माथा बघायला दीड तास. म्हणजे चारच्या आत खाली. जर्मन हिशोबात विश्रांतीसह चढायला 3 तास 50, माथ्यावर दीड तास, उतरायला 2 तास 35. परत यायला सात वाजायला पाचच मिनिटं कमी. डिसेंबरात तिकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. नागपूरपेक्षा साधारण 20 मिनिटं उशिरा, पण उजाडतंही तितकंच उशिरा, हे पहाटे निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

माझं मत स्पष्ट आहे: मुलं, वडीलधारी किंवा पहिल्यांदा येणारं कुणी सोबत असेल तर जर्मन हिशोबच धरा, मुक्काम करा आणि सातला निघा. तीनच्या सुमारास खाली याल. नाइस्मिथ नेहमी डोंगर चढणाऱ्या लहान गटासाठी ठीक, तोही फक्त चढाईपुरता.

हिशोब कुठलाही घ्या, 'एकूण चढाई' चुकली तर तो कोसळतो. माथ्यातून पायथा वजा केला की चढाई मिळते, असं नाही. वाट सोंडेवरून 60 मीटर उतरून खिंडीत जात असेल, तर ते 60 मीटर पुन्हा चढावे लागतात आणि परतीलाही तेच. उलट मोबाइलवर नोंदवलेला ट्रॅक कड्याखाली उंची वरखाली दाखवतो, आणि तेच चढउतार बेरजेत येऊन 800 चे 1100 होतात. म्हणून समोच्च रेषा मोजा. दोन रेषांमधला उंचीचा फरक नकाशाच्या समासात दिलेला असतो. मोजलेला आकडा आणि ट्रॅकचा आकडा यांत मोठी तफावत दिसली, तर रेषांवर विश्वास ठेवा.

स्वतःचा वेग तपासायला रामटेक जवळ आहे. अंबाळा तलावाकडून गडमंदिराच्या पायऱ्या पाठीवर सॅक घेऊन लागोपाठ दोन-तीनदा चढा-उतरा आणि तिसऱ्या फेरीची वेळ धरा, पहिल्या फेरीची नको. जर्मन हिशोबाच्या ती सव्वापट आली, तर साल्हेरच्या चालण्याच्या वेळेलाही सव्वाने गुणा. मग सातला निघूनही परत यायला सव्वाचारच्या पुढे जातील. कातळटप्प्यावरची रांग यात धरलेली नाही. सुट्टीच्या दिवशी तिच्यासाठी वेगळा वेळ ठेवा.