देस राज की मूर्ती: क्रम ठेवायचा की सोडायचा?

एकूण पीकक्षेत्राचा अंदाज काढण्यासाठी आकारमानाच्या प्रमाणात, परत न ठेवता दोन गावे निवडली. आधी निवडीची संभाव्यता p=0.2, पीकक्षेत्र 30 हेक्टर; मग p=0.4, क्षेत्र 50.

संख्याशास्त्रज्ञ देस राज (1956) एकूण क्षेत्राच्या अंदाजात निवडीचा क्रम वापरतात: t₁=30/0.2=150, t₂=30+50(1−0.2)/0.4=130. सरासरी 140; प्रसरणाचा अंदाज (150−130)²/4=100, म्हणजे प्रमाण त्रुटी 10. पण यादी गाव क्रमांकाने लावताना क्रम उलटला, तर उत्तर 132.5 येते आणि चूक कुठेच दिसत नाही. म्हणून निवडीचा क्रमांक वेगळ्या रकान्यात नोंदवाच.

संख्याशास्त्रज्ञ मूर्ती (1957) दोन्ही क्रमांच्या उत्तरांची त्या क्रमांच्या संभाव्यतेनुसार भारित सरासरी घेतात: (0.6×140+0.8×132.5)/1.4=135.7. खरे प्रसरण देस राजपेक्षा कधीच जास्त नसते. मात्र सहा गावांसाठी 720 क्रम तपासावे लागतात.

प्रत्येक स्तरात दोन-तीनच एकके असतील किंवा क्रम हरवला असेल तर मूर्ती. नमुना मोठा, क्रम नोंदलेला आणि प्रसरण झटपट हवे असेल तर देस राज.