काळ्या छायाकृतींचे अ‍ॅनिमेशन: काचेचे टेबल घ्यावे की संगणक?

डिचोली आणि सत्तरीच्या शिगमोत कमरेभोवती घोड्याचा सांगाडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोलताशांवर नाचणारा घोडेमोडणीचा स्वार हा छायाकृतीला फार सोयीचा विषय आहे, कारण घोड्याची वळलेली मान, स्वाराचा फेटा आणि उगारलेली तलवार या तिन्ही गोष्टी नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखता येतात. या नृत्यावर चाळीस सेकंदांचा छायापट करायचा आहे, असे धरू. त्यात तीन स्वार आहेत, मागे नारिंगीपासून जांभळ्यापर्यंत विरघळत जाणारे संध्याकाळचे आकाश आहे आणि खाली डोंगराची व माडांची काळी ओळ आहे. हे काम दोन प्रकारे होऊ शकते. पहिल्या प्रकारात खालून उजेड दिलेल्या काचेवर कापलेल्या आकृती ठेवून, प्रत्येक हालचालीनंतर वरून एकेक छायाचित्र घेतले जाते. दुसऱ्यात त्याच आकृतींचे सुटे भाग संगणकावर जोडून हलवले जातात.

पहिली पद्धत जुनी आहे. लोटे रायनिगर यांनी काळा पुठ्ठा आणि शिशाचे पातळ पत्रे कापून केलेला पूर्ण लांबीचा छायापट १९२६ मध्ये प्रदर्शित झाला, तोही अशाच टेबलावर घडला होता. आपल्याकडे मात्र छायाबाहुली म्हटले की कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामडी बाहुल्या आठवतात. त्यांच्यातून उजेड आरपार येतो आणि पडद्यावर रंग उमटतात. तसा रंगीत परिणाम हवा असेल तर पुढचे विवेचन उपयोगाचे नाही, कारण येथे आकृती पूर्ण काळी असते आणि सगळा रंग पार्श्वभूमीत असतो.

त्यामुळे निवडीचा पहिला मुद्दा पार्श्वभूमीचाच आहे. टेबलावर मऊ उजेड मिळवायचा तर थरांमधले अंतर नेमके ठेवावे लागते. सर्वांत खाली एलईडी पट्ट्या, त्यांच्यापासून साधारण १५ सेंटीमीटर वर साधी काच आणि तिच्यावर रंगीत कागद, त्याच्यावर चारेक सेंटीमीटर अंतर सोडून दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा आणि अगदी वर आकृती ठेवायची काच, अशी ही रचना आहे. रंगीत कागद दुधी पत्र्याला चिकटलेला असला तर दोन रंगांमधली कड ठळक दिसते. त्याला खाली उतरवले की ती कड विरघळते. आकाशकंदिलाला लावतात तो पातळ पतंगी कागद यासाठी उत्तम आहे. क्षितिजापाशी पिवळ्याचा एक थर द्यावा, त्याच्यावर थोडा चढवून नारिंगी आणि वर जांभळा ठेवावा. या कागदाच्या कडा कात्रीने कापू नयेत, हाताने फाडाव्यात, कारण फाटलेल्या कडेशी धागे विरळ होत जातात आणि रंगही हळूहळू कमी होतो. जिलेटिन पेपरचा रंग अधिक झळाळतो, पण त्याची कड लपवणे अवघड जाते.

उजेड मोजताना आकृती विसरावी आणि फक्त आकाश पाहावे. आयएसओ १०० आणि शटर पाव सेकंदाच्या आसपास ठेवले की कॅमेऱ्याला पुरेसा प्रकाश मिळतो आणि एलईडीची न दिसणारी लुकलुकही त्या अवधीत सरासरीत मिसळून जाते. फोकस, शटर आणि रंगांचा समतोल हे सर्व हाताने कुलूपबंद करावे. यातले एकही स्वयंचलित राहिले तर स्वार चौकटीच्या मध्यावर येताच आकाशाचा उजेड बदलतो. उजेड जास्त झाला आहे हे ओळखण्याची खूण अशी की, क्षितिजाजवळचा नारिंगी पिवळा दिसू लागतो आणि पिवळा पांढरा पडतो. दुसरी चूक वरून होते. खोलीत उजेड असेल, किंवा काम करणाऱ्याने पांढरा शर्ट घातला असेल, तर तो उजेड पुठ्ठ्यावर परततो आणि काळा घोडा करडा दिसून त्यावर कागदाचा पोत उमटतो. म्हणून खोली अंधारी ठेवावी, कपडे गडद घालावेत आणि कॅमेऱ्याचे प्रतिबिंब काचेत पडू नये यासाठी भिंगापुरते भोक पाडलेला काळा कपडा मध्ये धरावा.

संगणकावर हेच आकाश पाच मिनिटांत तयार होते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. नारिंगीपासून जांभळ्यापर्यंतचा सलग उतार आठ बिटांत साठवला की छटांच्या पायऱ्या दिसू लागतात, आणि व्हिडिओ आकुंचित करताना, विशेषतः गडद भागात, त्या पायऱ्यांचे रुंद पट्टे होतात. उपाय ठाऊक आहेत: काम सोळा बिटांत करावे, आकाशावर बारीक कणांचा हलका थर द्यावा आणि तो कणांचा थर दर दोन-तीन चौकटींनी बदलावा. तरीही संगणकी आकाश फार स्वच्छ दिसते, हे माझे मत कायम आहे. पतंगी कागदातले धागे, एखादी सुरकुती, एका कोपऱ्यात किंचित कमी पडलेला उजेड यांमुळे डोळ्याला ते आकाश खरे वाटते, आणि या गोष्टी मुद्दाम रंगवायला बसले की त्या मुद्दाम केल्यासारख्याच दिसतात.

आकृतींच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचा नियम एकच आहे. सांध्याशी येणारी दोन्ही टोके समान त्रिज्येच्या गोलाकारात कापावीत आणि त्या गोलांचा मध्य हाच फिरण्याचा बिंदू ठेवावा. असे केले की कोपर कितीही वाकले तरी कडेला खाच पडत नाही किंवा टोक बाहेर येत नाही. टेबलावर हा सांधा पातळ तांब्याच्या तारेने बांधावा. तार सैल राहिली तर हात घसरतो आणि फार आवळली तर हात हलवताना खांदाही सोबत सरकतो. पुठ्ठा ३०० जीएसएमच्या आसपास असावा. टेबलावरच्या आकृतीचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. स्वाराने तोंड फिरवायचे असेल तर आकृती सरळ पालथी घालता येते, कारण कोणता हात पुढे आणि कोणता मागे हे काळ्यात कळतच नाही. मात्र तारेची गाठ एका बाजूला उंच असेल तर पालथी केलेली आकृती काचेपासून वर उचलली जाते आणि तिची कड धूसर होते. दोन स्वार एकमेकांवरून जाऊ लागले तर दोन्ही पद्धतींत त्यांचा एकच काळा गोळा होतो, म्हणून तलवार आणि शेजारच्या घोड्याची मान यांच्यात आकाशाची फट राहील अशीच मांडणी आधीपासून ठरवावी लागते.

हालचालीच्या मुद्द्यावर मात्र तराजू स्पष्टपणे झुकतो. सेकंदाला २४ चौकटी आणि प्रत्येक मुद्रा दोन चौकटी धरली तर चाळीस सेकंदांना ४८० मुद्रा लागतात. तीन स्वार प्रत्येक मुद्रेत हलवायचे म्हणजे १४४० वेळा आकृतीला हात लावणे आले. एका वेळेला अर्धा मिनिट धरला, आणि एवढ्या सांध्यांच्या आकृतीला तो कमीच आहे, तरी निव्वळ हलवण्यातच बारा तास जातात. त्यातून घोडेमोडणी ठोक्यावर चालते. ढोलाची गती मिनिटाला १०० ठोके असेल तर एक ठोका ०.६ सेकंदांचा, म्हणजे ७.२ मुद्रांचा होतो. प्रत्येक ठोक्याला सातच मुद्रा दिल्या तर सुरुवातीला काहीच जाणवत नाही, पण शेवटी स्वार ढोलाच्या सेकंदभर पुढे गेलेले असतात. सात, सात, सात, सात आणि आठ असे पाच ठोके मांडले की ३६ मुद्रा, म्हणजे नेमके तीन सेकंद होतात. टेबलावर काम करताना ही मांडणी तक्त्यावर आधीच लिहून प्रत्येक मुद्रेपुढे खूण करत जावे लागते, आणि ढोलाचे ध्वनिमुद्रण नंतर बदलले तर सगळे पुन्हा चित्रित करावे लागते. संगणकावर पायाच्या चौकटी पुढेमागे सरकवल्या की काम भागते. तिथे दहा ठोक्यांचे, ७२ मुद्रांचे एक आवर्तन करून ते पुन्हा वापरता येते. तीनही स्वारांना तेच आवर्तन जसेच्या तसे दिले तर मात्र ते एका दांड्याला बांधल्यासारखे नाचतात. पावले ठोक्यावर एकत्र पडू द्यावीत, पण घोड्याच्या माना आणि तलवारी एकदोन मुद्रांनी पुढेमागे कराव्यात.

संगणकावर आणखी एक सवय मोडावी लागते. दोन मुद्रांमधला प्रवास तो स्वतःच गुळगुळीत भरून काढतो आणि पुठ्ठ्याचा घोडा पाण्यात तरंगल्यासारखा दिसतो. ब्लेंडरमध्ये चौकटींमधली भरती `Constant` ठेवली की मुद्रा जिथल्या तिथे थांबते आणि पुढच्या मुद्रेला एकदम बदलते. हा हलका धक्काच छायापटाला शोभतो.

टेबलाचे बाकीचे धोके गोव्यात हवामानाचे आणि विजेचे आहेत. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन वळतो आणि पतंगी कागद फुगतो, म्हणून लांबलेले चित्रण मध्येच सोडले तर दुसऱ्या दिवशीचे आकाश पहिल्या दिवशीसारखे राहत नाही. वीज कमीजास्त होत असेल तर एलईडी बॅटरीवर चालवावेत. बाही लागून एखादा घोडा सरकला तर मागच्या चौकटीची पुसट प्रतिमा पडद्यावर दाखवणारे चित्रणाचे सॉफ्टवेअर वापरून तो जवळजवळ जागेवर आणता येतो. तरी राहिलेला अर्धा मिलिमीटर मोठ्या पडद्यावर झटक्यासारखा दिसतो.

एकच आकृती असेल, चाल संथ असेल, लांबी अर्ध्या मिनिटाच्या आत असेल आणि संगीत नंतर चित्रावर बसवायचे असेल, तर मी टेबलच निवडेन. घोडेमोडणीसाठी मात्र आकाश टेबलावर आणि स्वार संगणकावर अशी विभागणी मला योग्य वाटते. यात काचेवरचे रिकामे आकाश कच्च्या स्वरूपात, अंतिम चौकटीपेक्षा मोठ्या आकारात टिपावे. एकच छायाचित्र चाळीस सेकंद ताणले तर आकाश गोठलेले दिसते, म्हणून काहीही न हलवता आठ-दहा छायाचित्रे घेऊन ती आळीपाळीने वापरावीत. त्यांच्यातला नैसर्गिक सूक्ष्म फरक आकाशात किंचित जीव ठेवतो. स्वारांचे भाग खरोखर पुठ्ठ्यातून कापून, त्याच काचेवर ठेवून टिपावेत आणि मग संगणकावर सोडवून घ्यावेत, म्हणजे कात्रीची कड राहते. जोडताना आकृतीला शून्य काळा देऊ नये. भिंगात पसरणाऱ्या उजेडामुळे खऱ्या छायाचित्रातला काळा थोडा वर उचललेला आणि आकाशाच्या रंगाकडे झुकलेला असतो, आणि तेवढी छटा दिली नाही तर स्वार आकाशावर चिकटवल्यासारखे दिसतात.