काळ्या ग्रॅनाइटवरची रांगोळी आणि दहा रंगांचा तयार संच : गणपती ते संक्रांत वापरानंतरचा अनुभव

आमच्या दारापुढचा ओटा काळ्या पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा आहे. गणपतीच्या आधी त्यासाठी दहा रंगांचा तयार संच घेतला आणि संक्रांतीपर्यंत तो वापरला. रंगांची भुकटी बारीक आहे, चिमटीतून सरळ सुटते, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती जांभळ्याची. दहापैकी जांभळा, गर्द निळा, गडद हिरवा आणि किरमिजी हे चार रंग काळ्या फरशीवर जवळजवळ दिसतच नाहीत, आणि खोक्यावरचे चित्र मात्र पांढऱ्या कागदावर छापलेले आहे. दुकानदाराकडे विचारणा केली तेव्हा सुटे पुडे बदलून मिळत नाहीत, एवढेच उत्तर मिळाले. म्हणजे संचाचा चाळीस टक्के भाग वाया, असा माझा राग होता.

खोक्यावरचे कमळ जसेच्या तसे काढले होते : मध्ये पिवळे, पाकळ्या किरमिजी, त्यांमागे गडद हिरवी पाने आणि बाहेर जांभळे वर्तुळ. दिवसा ते बरे दिसले. दिवे लागल्यावर मात्र मधला पिवळा ठिपका आणि पांढऱ्या रेघा एवढेच उरले, पाने व वर्तुळ फरशीत विरून गेले आणि दोन फुटांची रांगोळी एका फुटाची वाटू लागली. काळ्या जमिनीवर रंग कोणता आहे यापेक्षा तो किती उजळ आहे यावर सगळे ठरते. लाल आणि हिरवा एकमेकांपासून कितीही वेगळे असले तरी दोघेही गडद असतील तर काळ्याला ते सारखेच जवळचे असतात. हे तपासायला मोबाइलमध्ये फोटो कृष्णधवल करून पाहावा. जो भाग फरशीच्या काळ्यात मिसळतो तो रंग बाहेरच्या कडेला ठेवू नये.

दिवाळीच्या सुमारास माझे मत बदलू लागले. एक वाटी जांभळ्यात दोन वाट्या साधी पांढरी रांगोळी घालून परातीत तळव्याने चोळली आणि मैद्याच्या चाळणीतून काढली, तेव्हा तीन वाट्या फिक्या जांभळ्या रंगाच्या झाल्या. हा रंग ग्रॅनाइटवर छान उठतो. निळ्याला मात्र तीन वाट्या पांढरी लागते, तेव्हा कुठे आकाशी होतो. पांढरी रांगोळी किलोने स्वस्त मिळते, त्यामुळे ज्यांना मी वाया गेलेले समजत होते तेच पुडे सर्वांत जास्त पुरले. पिवळा आणि पोपटी मुळातच उजळ असल्याने त्यांत पांढरी मिसळू नये, ते निस्तेज होतात. रंगाचा थरही पुरेसा हवा. पातळ थरातून काळी फरशी डोकावते आणि गुलाबी रंग मळकट दिसतो.

तेच कमळ पुन्हा काढले तेव्हा पाकळ्यांच्या टोकांना फिका गुलाबी आणि देठाकडे किरमिजी भरला, पानांना पोपटी घेतला आणि बाहेरचे वर्तुळ आकाशी केले. मूळचा गर्द जांभळा मी पिवळ्या केंद्रात लहान ठिपक्यांच्या रूपात ठेवला, आणि तिथे तो सगळ्यांत ठसठशीत दिसला, कारण त्याच्या चारी बाजूंना उजळ रंग होता. तोलाच्या दृष्टीने पिवळ्याला आवर घालावा लागतो. काळ्यावर तो इतका पुढे येतो की एकाच ठिकाणी मोठा भरला तर नजर तिथेच अडकते. म्हणून केंद्र लहान केले आणि पिवळ्याचे ठिपके बाहेरच्या वर्तुळावरही सारख्या अंतराने दिले.

पांढऱ्या रेघेबद्दल दोन गोष्टी. काळ्यावर ती आहे त्यापेक्षा जाड भासते, म्हणून नेहमीपेक्षा बारीक ओढावी. आणि पिवळसर दिव्याखाली पांढरा व पिवळा जवळजवळ एकच दिसतात, तेव्हा त्यांच्यामध्ये केशरी रंगाची एक पट्टी असलेली बरी. त्याच दिव्यात आकाशीही थोडा राखाडी होतो, म्हणून संध्याकाळच्या रांगोळीत मी तो कमी वापरते आणि गुलाबी वाढवते. पॉलिशवर सांडलेली पांढरी धूळ फार उठून दिसते. ती कोरड्या मऊ ब्रशने उचलावी, ओल्या फडक्याने पुसल्यास पांढरट ओरखडे राहतात.

इतके करूनही संचाला मी पाचपैकी तीनच गुण देते. काळ्या फरशीवर वापरताना चार पुडे घरी मिसळून घ्यावे लागतात, ही सूचना खोक्यावर असायला हवी होती. पुढच्या गणपतीला मी संच न घेता पिवळा, केशरी, गुलाबी, पोपटी आणि गर्द निळा असे पाच सुटे रंग आणि भरपूर पांढरी रांगोळी घेणार आहे. जांभळा अजून अर्धा पुडा शिल्लक आहे.