पहिले चार रिव्ह्यू: फाइव्हर की अपवर्क?

फाइव्हर, अपवर्क अशा फ्रीलान्स कामांच्या साइटवर प्रोफाइल कोरी असताना पाच-दहा डॉलरची छोटी कामं घेऊन सुरुवात करायची, हे बहुतेकांना माहीत असतं. अडतं ते कुठे घ्यायची यावर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला सहज जमेल असं एक काम धरून बघू: अडीचशे शब्दांचा कन्नड मजकूर मराठीत करून देणे, दर पाच डॉलर.

फाइव्हर यातले २० टक्के कापतं, म्हणजे हातात चार डॉलर, तेही नवख्या विक्रेत्याला ऑर्डर पूर्ण झाल्यावर १४ दिवसांनी. अपवर्कची कपात कामागणिक शून्य ते १५ टक्के, म्हणजे वरवर स्वस्त. पण तिथे प्रत्येक अर्जाला कनेक्ट्स, म्हणजे अर्जासाठीची टोकनं, लागतात आणि एक कनेक्ट १५ सेंटला पडतो. आठ कनेक्ट्स मागणाऱ्या चार अर्जांतून एक काम मिळालं, तर ४.८० डॉलर अर्जांतच गेले. पाच डॉलरच्या कामात उरलं काय? अर्थात पहिल्या कामांतून कमाई नव्हे, रिव्ह्यू हवा असतो, म्हणून एवढ्यावर निकाल लावू नये.

माझ्या मते निकाल लागतो तो रिव्ह्यू नेमका कधी मिळतो यावर. अपवर्कवर ग्राहक माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे, पैसे मोकळे करतो, ‘थँक्यू’ म्हणतो आणि कॉन्ट्रॅक्ट तसंच उघडं ठेवून निघून जातो. त्यात वाईट हेतू नसतो. पुढे कधी काम निघालं तर असू दे, एवढाच विचार. पण कॉन्ट्रॅक्ट बंद झाल्याशिवाय अभिप्रायाचा प्रश्नच येत नाही. पैसे आले, प्रोफाइल मात्र कोरीच. कॉन्ट्रॅक्ट आपणही बंद करू शकतो आणि मग ग्राहकाला अभिप्रायासाठी १४ दिवस मिळतात. पण तोवर त्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. म्हणून तिथे काम घ्यायचंच तर एकाच माइलस्टोनचं घ्यावं आणि फाइल देतानाच लिहावं, ‘सगळं ठीक असेल तर पैसे देताना कॉन्ट्रॅक्टही बंद कराल का?’ चांगला अभिप्राय द्या, असं मात्र म्हणू नये. बदल्यात सूट तर मुळीच देऊ नये. दोन्हीकडे ते नियमबाह्य आहे.

फाइव्हरवर ही कटकट नाही. डिलिव्हरी दिल्यावर ग्राहक तीन दिवस गप्प राहिला तर ऑर्डर आपोआप पूर्ण होते आणि रिव्ह्यूची वाट तिथेच मोकळी होते. प्रत्येक जण लिहितो असं नाही, पण काम ताजं असतानाच त्याला विचारलं जातं.

फाइव्हरची अडचण वेगळी: गिग, म्हणजे आपल्या सेवेची जाहिरात, टाकून वाट बघत बसावं लागतं. ‘इंग्रजी ते मराठी’ अशा गर्दीत कोरी प्रोफाइल बुडते. कन्नड-मराठी जोडी करणारे त्या मानाने कमी, आणि आपल्याकडे ती शाळेपासून अंगवळणी पडलेली. म्हणून शीर्षकात दोन्ही भाषा आणि मजकुराचा प्रकार, उदाहरणार्थ माहितीपत्रक किंवा उत्पादनाच्या सूचना, स्पष्ट लिहावा. मुदत दोन दिवस, दुरुस्ती एकदाच. शब्दमोजणी मूळ कन्नडवर होईल हेही लिहावं. कन्नडमध्ये एका शब्दात बरंच मावतं, मराठी मजकूर लांबतो. आधी सांगितलं नाही तर वाढलेले शब्द फुकटात जातात.

फाइलही ऑर्डरआधी मागून घ्यावी. कर्नाटकातला बराच जुना मजकूर नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तो कॉपी करून पेस्ट केला की कन्नडऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि शब्दमोजणीचा भरवसा राहत नाही. एक ओळ साध्या नोटपॅडमध्ये टाकली की लगेच कळतं. तसं निघालं तर कन्व्हर्टरमधून काढून जोडाक्षरं तपासावी लागतात. स्कॅन असेल तर शब्द हातानेच मोजावे लागतात. तासाभराचं काम दोन तासांवर जातं. अशी फाइल पाच डॉलरात न घेता सुरुवातीलाच १० डॉलरची वेगळी ऑफर पाठवावी. ऑर्डर घेऊन नंतर रद्द केली तर त्याचा फटका खात्याला बसतो, आणि दोन-तीनच ऑर्डरी असताना तो जास्त जाणवतो.

ग्राहक भारतातला असला की ‘फोनपे करतो, कपात कशाला?’ हे हमखास येतं. चार डॉलरऐवजी पाच मिळतील, पण रिव्ह्यू मिळणार नाही, शिवाय खातं बंद होण्याची भीती.

चार-पाच रिव्ह्यू जमले की दर आठ-दहा डॉलरवर न्यायला हरकत नाही. एक्सेल किंवा डेटा एन्ट्रीच करायची असेल, तर मात्र भाषेच्या जोडीचा फायदा उरत नाही. तिथे अपवर्कवर नेमकं काम शोधून अर्ज करणं कदाचित बरं पडेल, उघड्या कॉन्ट्रॅक्टची कटकट धरूनही.